सिंगल स्लिटचा पॅटर्न आणि स्लिटचं फूरिये रूपांतर: आकडे जुळत नाहीत

रेघोटी
सिंगल स्लिटचं विवर्तन म्हणजे स्लिटच्या आकाराचं फूरिये रूपांतर, हे पडताळून बघायचं आहे. एका बाजूला पायथनमध्ये स्लिटचा एफएफटी आणि दुसऱ्या बाजूला पडद्याचा फोटो, दोन्ही एकमेकांवर बसले पाहिजेत.

मांडणी अशी: लाल डायोड लेझर (६५० नॅनोमीटर धरला आहे), दाढीच्या दोन ब्लेडांची स्लिट (फीलर गेजच्या ०.१ मिमी पातीवर जुळवलेली), तिथून २ मीटरवर भिंतीला पांढरा कागद. मिनिमा λz/a च्या पटीत, म्हणजे दर १३ मिमीला यायला हवेत.

```python
import numpy as np
lam, z, a = 650e-9, 2.0, 100e-6
dx, N = 1e-6, 1000
x = (np.arange(N) - N//2) * dx
g = np.where(np.abs(x) <= a/2, 1.0, 0.0)
I = np.abs(np.fft.fftshift(np.fft.fft(g)))**2
X = np.fft.fftshift(np.fft.fftfreq(N, dx)) * lam * z
```

आलेख येतो, पण मोडक्या काड्या जोडल्यासारखा. पडद्यावरचे बिंदू १.३ मिमी अंतराने पडतात. पहिला मिनिमा १३.० वर दिसतो, पण मोजपट्टीच १.३ मिमीची असेल तर त्याला काय अर्थ? dx दहापट बारीक करून (०.१ मायक्रॉन, N = 10000) पाहिलं, आलेख तसाच मोडका.

टिचकी
N कमी पडतोय. N वाढवा, सुटेल. आणि हे सगळं भिंग लावल्याशिवाय खरं नसतं. फूरिये रूपांतर भिंगाच्या नाभीप्रतलातच मिळतं, भिंतीवर जे पडतं ते फ्रेनेल.

दुर्बीणकर
टिचकी, दोन्ही अर्धं अर्धं बरोबर.

आधी भिंगाचं. भिंतीवर रूपांतर मिळेल की नाही हे a²/λ या अंतरावरून ठरतं. ०.१ मिमी स्लिटसाठी ते जेमतेम १५ मिमी येतं. भिंत त्याच्या १३० पट लांब आहे, म्हणजे इथे भिंगाची गरज नाही. स्लिट २ मिमीची असती तर हेच अंतर ६ मीटरच्या वर गेलं असतं आणि २ मीटरवर तुम्ही म्हणता तसं फ्रेनेलच दिसलं असतं. तेव्हा भिंग लावावं लागतं.

आता N. रेघोटींनी N वाढवलाच होता, पण dx त्याच पटीत कमी केला. त्यामुळे स्लिटकडच्या खिडकीची एकूण रुंदी N·dx होती तेवढीच राहिली, १ मिमी. पडद्यावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर λz/(N·dx) असतं, त्यात dx एकटा कुठेच नाही. १.३ मिमी आलं ते ६५० नॅनोमीटर गुणिले २ मीटर भागिले १ मिमी म्हणून. dx बारीक केल्याने पडदा रुंद झाला, १.३ मीटरचा १३ मीटर, आणि त्या जादा पडद्याचा काही उपयोग नाही. तिथे कोन इतके मोठे आहेत की X = λz·f हे सूत्रच चालत नाही.

पडद्यावर बारकावा हवा असेल तर स्लिटच्या दोन्ही बाजूंना काळोख वाढवायचा. dx 1e-6 च ठेवा आणि N = 2**15 करा. खिडकी ३२.७६८ मिमीची होईल आणि पडद्यावरचे बिंदू सुमारे ०.०४ मिमीवर येतील. नवी भौतिक माहिती काही मिसळत नाही, नुसती शून्यं जोडली जातात. पण पॅटर्न आधीच्या बिंदूंच्या मधल्या जागीही किती आहे ते आता दिसतं.

अँटेना
+१. आमच्याकडे अ‍ॅरेचा बीम काढताना हाच घोळ नेहमी होतो. याचं टोकाचं रूप करून बघा: खिडकी बरोबर स्लिटएवढीच ठेवा, N = 100 आणि सगळीकडे एक. एफएफटी मधे एक खांब आणि बाकी सगळीकडे नुसती शून्यं देईल. लोक म्हणतात विवर्तन गायब झालं. गायब काही होत नाही, फक्त प्रत्येक नमुना नेमका मिनिमावर पडतो.

हौशी_चांदणे
छान धागा. माझ्या ६ इंची न्यूटोनियनमध्ये तेजस्वी ताऱ्यांना चार काटे दिसतात. तेही याच स्लिटमुळे का? दुर्बिणीत स्लिट तर नाही.

दुर्बीणकर
स्लिट नाही, पण दुय्यम आरशाला धरणाऱ्या पट्ट्या आहेत. अरुंद पट्टीचं रूपांतर तिच्या आडव्या दिशेला पसरतं, म्हणून प्रत्येक पट्टीमागे ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना काटा येतो. चार पट्ट्या समोरासमोर असल्या तर काटे एकावर एक बसून चारच दिसतात, तीन पट्ट्यांना सहा. गोल आरशाचं रूपांतर मात्र वेगळं, तिथे कडी येतात आणि पहिलं कडं मध्याच्या १.७५ टक्केच असतं. इथे स्लिटवरच राहू, नाहीतर रेघोटींचा धागा भलतीकडे जाईल.

रेघोटी
N = 2**15 केलं. आलेख आता गुळगुळीत आहे. पण पहिला मिनिमा १३.०० ऐवजी १२.८७ वर आला! आधीच्या मोडक्या आलेखात तो १३ वरच होता. अचूकता वाढवल्यावर उत्तर बिघडलं का?

टिचकी
एफएफटी म्हणजे अंदाजच शेवटी. एक टक्का इकडे तिकडे चालायचंच.

अँटेना
एक टक्का नेमका येतोय म्हणजे तो अंदाज नाही, त्याला कारण आहे. `g.sum()` छापून बघा.

रेघोटी
`101.0`

अँटेना
हेच ते. −५० पासून +५० पर्यंत दोन्ही टोकं धरून १०१ नमुने होतात आणि प्रत्येक नमुना १ मायक्रॉनचा. एफएफटीला दिसणारी स्लिट १०१ मायक्रॉनची आहे. १३ भागिले १.०१ म्हणजे १२.८७. उत्तर आधीही हेच होतं, १.३ मिमीच्या जाळीत ते १३ च्या बिंदूखाली लपलं होतं.

`<=` काढून `<` लावायच्या फंदात पडू नका. ५० गुणिले 1e-6 संगणकात नेमकं 5e-5 होत नाही, शेवटच्या अंकाने ते कधी आत पडतं कधी बाहेर. त्यापेक्षा जाळीच अर्धं पाऊल सरकवा म्हणजे कोणताही नमुना कडेवर बसणार नाही:

```python
x = (np.arange(N) - N/2 + 0.5) * dx
```

आता नमुने ±०.५ पासून ±४९.५ पर्यंत, बरोबर १००.

रेघोटी
१३.० आलं. पण अर्धं पाऊल सरकवल्यावर स्लिट मध्यावरून हलली ना? मग पॅटर्न का नाही हलला?

दुर्बीणकर
कारण स्लिट सरकली की रूपांतराच्या फक्त फेजमध्ये फरक पडतो आणि तुम्ही वर्ग करताना फेज टाकून देता. खऱ्या टेबलावरही हे करून बघता येतं. लेझर स्थिर ठेवून स्लिट झोताच्या आतच ०.२ मिमी बाजूला सरकवा. भिंतीवरचा पॅटर्न फार तर तेवढाच, ०.२ मिमी सरकेल आणि डोळ्याला कळणार नाही. नाभीप्रतलात भिंगाने पाहिलं तर तेवढाही नाही. फक्त उजेड कमीजास्त होईल, कारण झोत मध्याशी जास्त तेजस्वी असतो.

भिंगवाला
फोटो कुठे आहे? गणित जुळलं, आता प्रत्यक्षाचं बोला. 🙂

रेघोटी
फोटोतूनच पुढची अडचण. मोबाईलने कागदाचा फोटो काढला, इमेजजेमध्ये आडवी प्रोफाइल काढली. मधला पट्टा २५५ ला टेकत नाही हे बघून घेतलं. तरी बाजूचा पहिला उंचवटा मध्याच्या २४ टक्के येतो! गणित ४.७ टक्के म्हणतं. शिवाय रेघ खूप खडबडीत आहे.

आणि मिनिमा: डावीकडचा तिसरा मध्यापासून ३६.८ मिमी, उजवीकडचा ३८.७ मिमी. दोन्हीकडे ३९ हवेत.

टिचकी
बाजूचे उंचवटे दोन मिनिमांच्या बरोबर मधे असतात, १९.५ मिमीवर. तुम्ही भलत्याच ठिकाणी मोजलं असेल.

भिंगवाला
जागेचा प्रश्न नाही, जेपेगचा आहे. जेपेगमधला आकडा उजेडाच्या प्रमाणात नसतो. त्यावर एसआरजीबीचा वक्र चढवलेला असतो आणि तो अंधारातले भाग वर उचलतो. मध्य १ धरला तर ४.७ टक्के उजेडाचा त्या वक्रातून ०.२४ होतो, २५५ पैकी ६१ च्या आसपास. तुमचे २४ टक्के तिथूनच आले. दुसरा उंचवटा बघा. गणिताने १.६५ टक्के हवा, फोटोत तो १३-१४ टक्के दिसत असेल.

वक्र उलटा फिरवून आकडे परत मिळवता येतात, पण मोबाईल त्याच्यावर स्वतःचं काँट्रास्टही चढवतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. प्रो मोडमध्ये रॉ फाइल घ्या, आयएसओ सर्वांत कमी, फोकस आणि एक्स्पोजर लॉक. शिवाय एकाच फोटोत मध्य आणि चौथा उंचवटा दोन्ही नीट मिळणं अवघड. दोन फोटो काढा, एक मध्य न जळणारा, एक त्याच्या सोळापट वेळ उघडा ठेवून. दुसऱ्यात मध्य पांढरा फटक होईल, होऊ द्या. कडेचे आकडे दुसऱ्यातून घेऊन १६ ने भागा. लेझर झाकून त्याच सेटिंगचा एक काळा फोटोही काढा आणि तो वजा करा, नाहीतर मिनिमा कधीच शून्याला जाणार नाहीत.

खडबडीतपणा म्हणजे स्पेकल. कागदाच्या तंतूंवर लेझर पडला की ते येणारच. एका ओळीची प्रोफाइल घेऊ नका, पॅटर्नच्या उंचीतल्या सगळ्या ओळींची सरासरी घ्या. एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचं ठेवून तेवढ्या वेळात कागद त्याच्याच प्रतलात हलवत ठेवला तर स्पेकल बरंच पुसलं जातं.

आणि फोटो कागदाचाच काढा. झोत सरळ लेन्समध्ये घ्यायला जाऊ नका, सेन्सर जातो. डोळ्याचं तर बोलायलाच नको.

दुर्बीणकर
सरासरी घेण्याआधी एक बघा, रेघोटी: काळ्या जागा उभ्या आहेत का तिरप्या? ब्लेडं समांतर नसतील, वर ०.१० आणि खाली ०.११ असं असेल, तर तिसरा मिनिमा वरच्या ओळीत ३९ वर आणि खालच्या ओळीत साडेपस्तीसवर पडेल. त्यांची सरासरी केली की मिनिमा भरून जातील आणि दोष काळ्या फोटोला लागेल.

टिचकी, उंचवटे बरोबर मधे नसतात. पहिला १.४३ पटीला असतो, म्हणजे इथे १८.६ मिमीवर, १९.५ वर नाही. आलेल्या आलेखातच बघा. वरच्या कोसळत्या वक्रामुळे शिखर आतल्या बाजूला ओढलं जातं. पुढचे २.४६ आणि ३.४७ ला, म्हणजे हळूहळू दोन मिनिमांच्या मध्याकडे सरकत जातात.

रेघोटी
काळ्या जागा उभ्याच आहेत. रॉ घेतली, काळा फोटो वजा केला. पहिला उंचवटा आता ४.४ टक्के, दुसरा १.६. एवढ्यावर मी खूश आहे. अंतरांचं काय?

अँटेना
४.४ का, ४.७ का नाही, याचंही कारण असू शकतं. रूपांतर स्लिटचं नसतं, स्लिटमधून निघणाऱ्या प्रकाशाचं असतं. झोत कडेला मंद असेल तर ती एका अर्थाने निमुळती खिडकी झाली आणि तिने साइड लोब खाली येतात, मधला लोब जरा रुंद होतो. अँटेनात आम्ही हे मुद्दाम करतो.

दुर्बीणकर
तत्त्व बरोबर, पण इथे लागू पडेल असं वाटत नाही. झोत १ मिमीचा आणि स्लिट ०.१ ची असेल तर कडेची तीव्रता मध्याच्या ९८ टक्के असते. स्लिट ०.५ ची असती तर कडेला ६१ टक्के उरले असते आणि मग फरक नक्की दिसला असता. रेघोटी, झोत स्लिटवर फोकस केला आहे का? पॉइंटरच्या पुढचं भिंग फिरतं असेल तर तेही बघा. नाहीतर ४.४ हा मोजमापाचाच फरक समजा.

टिचकी
अंतरांचं सोपं आहे. दोन्ही तिसऱ्या मिनिमांमधलं अंतर ७५.५, त्याला सहाने भागलं की १२.५८. १३०० भागिले १२.५८ म्हणजे स्लिट १०३ मायक्रॉनची आहे. झालं.

दुर्बीणकर
बेरीज घेतलीत ते बरं केलंत, डावं-उजवं त्यात आपोआप जातं. पण "झालं" म्हणता येणार नाही. पॅटर्न तुम्हाला फक्त λz/a देतो. स्लिट १०३ ची असू शकते, तसाच लेझर सुमारे ६३० नॅनोमीटरचा असू शकतो. लाल पॉइंटरच्या लेबलवर सहसा ६३०-६८० एवढंच छापलेलं असतं, ६५० हा धरून चाललेला आकडा आहे. याच पॅटर्नमधून दोन्ही वेगळे काढायला मार्ग नाही.

λ वेगळा मोजा. ६०० रेषा प्रति मिमीची ग्रेटिंग ५० सेंमीवर ठेवली तर ६५० चा पहिला ठिपका मध्यापासून २११.८ मिमीवर पडेल, ६३५ चा २०६.० वर. जवळपास ६ मिमीचा फरक, साध्या फूटपट्टीने कळतो.

हौशी_चांदणे
ग्रेटिंग नसेल तर सीडी चालेल ना? १.६ मायक्रॉन.

दुर्बीणकर
१.६ ला ०.१ ची सूट असते, म्हणजे सहा टक्के. आपल्याला तीन टक्क्यांचा निकाल लावायचा आहे, सीडीने नाही लागणार. हेलियम-निऑन लेझर मिळाला तर उत्तम, त्याचे ६३२.८ पक्के. मग तीच सीडी त्यावर मोजून घेता येईल आणि नंतर ती वापरता येईल.

भिंगवाला
डावीकडे ३६.८, उजवीकडे ३८.७ हे मला जास्त खटकतंय. पडदा तिरपा असणार.

रेघोटी
पडदा म्हणजे भिंत, जास्तीत जास्त ४-५ अंश तिरपी. किंवा झोत स्लिटच्या एकाच कडेवर जास्त पडत असेल का? एक बाजू उजळ, म्हणून पॅटर्न एकीकडे झुकला?

दुर्बीणकर
ही शंका मस्त आहे, आणि तिचं उत्तर रूपांतरातूनच मिळतं. स्लिटवरचं वितरण कितीही एकांगी असू दे, डावीकडे पूर्ण उजेड आणि उजवीकडे अर्धा. जोवर सगळीकडे फेज सारखी आहे तोवर ते वास्तव संख्यांचं फलन आहे आणि त्याच्या रूपांतराचा वर्ग दोन्ही बाजूंना सारखाच येतो, यायलाच हवा. कोडमध्ये करून बघा: g ला एका बाजूने उतार द्या. मिनिमा भरतील, पण डावं-उजवं सारखंच राहील. म्हणजे खरा पॅटर्न असमान असेल तर स्लिटवर फेज बदलतेय, किंवा तुमचं मोजमाप तिरपं आहे.

पडदा ५ अंश तिरपा असेल तर तिसऱ्या मिनिमाला डाव्या-उजव्यात ०.१ मिमीच्या आसपास फरक पडतो. इथे १.९ मिमी आहे, पडद्याने एवढं होणार नाही. कॅमेरा तिरपा असेल तर मात्र बरंच होतं. अर्ध्या मीटरवरून १० अंश तिरक्या फोटोत प्रत्येक बाजूला अर्धा मिमी सहज जातो. कागदावर आलेखाचा कागद चिकटवून फोटो काढा, म्हणजे मोजपट्टी त्याच फोटोत येईल.

दुसरा संशयित ब्लेडं. ती एकाच प्रतलात आहेत का?

रेघोटी
नाही. एक ब्लेड पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूला आणि एक मागच्या बाजूला चिकटवलं आहे. पुठ्ठा पाव मिमीहून थोडा जाड.

दुर्बीणकर
मग हेच असण्याची शक्यता बरीच आहे. दोन कडा झोताच्या दिशेने d ने पुढेमागे असतील तर मिनिमाची अट aθ = mλ न राहता aθ − dθ²/2 = mλ होते. θ² ला चिन्ह नसतं, म्हणून एका बाजूचे मिनिमा बाहेर जातात, दुसऱ्या बाजूचे आत येतात आणि दोघांमधलं एकूण अंतर जवळपास तेच राहतं. तुमचा सरक प्रत्येक बाजूला ०.९५ मिमी आहे. उलट काढलं तर d सुमारे ०.२७ मिमी येतो. पुठ्ठ्याशी जुळतंय. पहिल्या मिनिमाला हाच सरक नवव्या भागाएवढा, ०.१ मिमी असेल, म्हणून तिथे काही जाणवलं नसेल.

भिंगवाला
पण कॅमेऱ्याच्या तिरपेपणाचा सरकही अंतराच्या वर्गानेच वाढतो. मग आकड्यांवरून दोघांत फरक कसा करणार?

दुर्बीणकर
आकड्यांवरून नाही करता येणार, बरोबर. स्लिट झोताच्या अक्षाभोवती अर्धा फेरा फिरवा, वरचं खाली होईल असं. डावं-उजवं उलटलं तर दोष ब्लेडांचा, तसंच राहिलं तर कॅमेऱ्याचा. पुठ्ठा पान उलटल्यासारखा फिरवू नका. तसं केलं तर डावी कड पुढे आणि उजवी मागे हे पुन्हा होतं तसंच होतं आणि काहीच कळत नाही.

टिचकी
आणि हे सगळं करूनही १०३ चे १०३ च राहतील.

दुर्बीणकर
राहतील, कारण बेरजेत हा सरक वजा होतो. ३ टक्क्यांचा प्रश्न ग्रेटिंगशिवाय सुटणार नाही.

रेघोटी
ग्रेटिंग मागवली आहे. तोवर स्लिट फिरवून आणि आलेखाचा कागद लावून नवीन रॉ फोटो काढतो. दोन्ही ब्लेडं एकाच बाजूला चिकटवायची तर मध्ये फट कशी धरायची, कुणी सांगेल का? फीलरची पाती काढताना दर वेळी एक ब्लेड सरकतं.

अँटेना
पातीला दोन्ही ब्लेडं टेकवून फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब लावा, पूर्ण सुकू द्या आणि मग पाती आडवी न ओढता ब्लेडांच्या धारेच्या दिशेने, लांबीत सरकवून काढा.

हौशी_चांदणे
आणि गोंदाची वाफ धारेवर पांढरी साय धरते, ती बघा. आरसा चिकटवताना हे नेहमी होतं.